स्टेपल केलेली पानं

मी नागपुरात एका शाळेत काउन्सेलर आहे. नववीतली एक मुलगी जानेवारीत माझ्याकडे आली होती, नाव सांगत नाही, बाकी तिला विचारूनच लिहून राहिली आहे. आईनं दिलेली तारखा छापलेली डायरी घेऊन आली, चार पानं भरलेली अन् पुढं सगळं कोरं. "मॅडम, माझ्या लाइफमध्ये काही होतच नाही, रोज सेमच तर असते, लिहू काय?"

तिनंच एक पान वाचून दाखवलं. सहाला उठली, व्हॅन, शाळा, ट्युशन, जेवली, झोपली. अख्खा दिवस एका पानात कोंबला की टाइमटेबलच होणार ना, अन् टाइमटेबल तर खरंच रोज सेम असते! त्यात छापील तारखेचं पान कोरं राहिलं की ते आपल्याकडंच बघत बसतं. म्हणून आधी तिला एक साधी वही दिली, तारीख आपल्या हातानं टाकायची. अन् सांगितलं की दिवस नको, फक्त दहा मिनिटं निवड, काय दिसलं आणि कोण काय बोललं तेवढंच लिही, 'छान' अन् 'बोर' हे दोन शब्द बंद. लिहायला बसून पाच मिनिटं झाली की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली, उद्या तिथूनच सुरू करता येतं.

तिनं व्हॅन निवडली. आधी तोंडीच सांग म्हटलं. मानेवाडा चौकात सिग्नल, मागच्या सीटवर कोणीतरी संत्रं सोललं, काका ओरडले सालं खाली टाकू नका, मैत्रीण खिडकीशी, बॅग तिच्या मांडीवर.
"बॅग मांडीवरच असते तिची?"
"नाही, रोज माझ्या जागेवर ठेवते ना, जागा धरायला..." अन् गप्पच झाली. मग म्हणाली, "सोमवारपासून नाही धरली बहुतेक."
मी काही विचारलं नाही, लिही म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

पुढच्या आठवड्यात चूक माझीच झाली. तिनं पान दाखवलं, मी सवयीनं "मस्त लिहिलंस" बोलून गेली. दुसऱ्या दिवशीचं पान एकदम निबंध, 'आजचा दिवस अविस्मरणीय होता', अक्षर सुंदर, एक खाडाखोड नाही. कोणी वाचणार आहे असं वाटलं की असंच होते. तेव्हापासून मी वही बघणं बंद केलं, आईला पण फोन करून उघडू नका सांगितलं तर त्या म्हणतात, "मी तर फक्त शुद्धलेखन बघत होती हो!" तिला मात्र एक बजावलं, कोणी त्रास देत असेल तर ते वहीत ठेवायचं नाही, येऊन तोंडानं सांगायचं.

फेब्रुवारीत ती स्टेपलर मागायला आली. माझ्यासमोरच वहीची दोन पानं एकमेकांना चिकटवली, तीन पिना मारल्या, स्टेपलर परत दिला अन् गेली.