उतारा गेला, मुक्ताबाई राहिली

“माझ्या प्रकरणात पानापानावर लांब उतारे आहेत आणि मार्गदर्शक म्हणतात, ते काढून स्वतःच्या शब्दांत लिहा. पण स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर मूळ लेखिकेवर अन्याय नाही का होणार? आणि उद्या कोणी चोरी म्हटलं तर?”

अन्याय होऊ शकतो, तुमची भीती खरी आहे. पण पानभर उतारा डकवला की न्याय होतो असंही नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एका उताऱ्याचं काय काय झालं तेच सांगते.

गेली काही वर्षं मी मराठी आणि इतिहासाच्या प्रबंधांचे कच्चे खर्डे वाचून देते. त्यात एका विद्यार्थिनीचं प्रकरण मुक्ताबाईच्या निबंधावर होतं. मुक्ताबाई म्हणजे जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली, चौदा वर्षांची मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. विद्यार्थिनीने त्यातला शंभरेक शब्दांचा एक सलग उतारा दिला होता. त्याच्या आधी “मुक्ताबाई पेशवाईतील अत्याचारांचे वर्णन पुढीलप्रमाणे करते” आणि नंतर “यावरून तत्कालीन परिस्थितीची भीषणता लक्षात येते” अशी दोन वाक्यं होती, आणि मग थेट पुढचा मुद्दा.

मी तिला एकच विचारलं, हा उतारा इथे कशासाठी आहे? उतारा तीन कारणांनी येतो. कधी त्यातली माहिती हवी असते, कधी त्यातला युक्तिवाद आणि कधी त्यातले शब्दच. माहिती आणि युक्तिवाद आपल्या वाक्यांत सांगता येतात. शब्दच पुरावा असतील तर ते शब्द मात्र जसेच्या तसे हवेत. ती म्हणाली, “तिन्हींसाठी.” म्हणून आम्ही तिन्ही गोष्टी वेगळ्या करायला बसलो.

पुस्तक मिटवलं आणि तिला म्हटलं, मुक्ताबाई इथे काय म्हणते ते मला तोंडी सांग. ती म्हणाली, “पेशवाईत मांग-महारांची डोकी उडवून त्यांचा चेंडू करत. आणि कोणी वाचायला शिकला तर बाजीराव शिक्षा करायचा.” पुस्तक उघडून ताडून पाहिलं तेव्हा या दोन वाक्यांच्या मध्ये काहीतरी सांडल्याचं दिसलं. मुक्ताबाईच्या मजकुरात या दोन गोष्टी शेजारी ठेवलेल्या नाहीत, तिने त्या जोडलेल्या आहेत. आधी ती सांगते की तालीमखान्यापुढून मांग किंवा महार गेला तर त्याची काय गत होई. मग विचारते की राजाच्या दारावरून जायचीच जर बंदी, तर विद्या शिकायची मोकळीक कुठून मिळणार? त्यानंतर वाचायला शिकलेल्या माणसाची गोष्ट येते. सगळा रोख विद्येकडे आहे. मुंडक्यांचा चेंडू ही तिथे पोचायची पायरी आहे. विद्यार्थिनीने उतारा अक्षर न अक्षर टाईप केला होता, पण हे ‘तर मग’ तिच्या नजरेतून सुटलं होतं, कारण टाईप करायला ते दिसावं लागत नाही. आपल्या शब्दांत लिहायला बसलं की हा सांधा सापडल्याशिवाय पुढचं वाक्यच सुचत नाही.

मग तिने पहिला खर्डा केला. “पेशवाईत तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांग-महारांची डोकी छाटून त्यांचा चेंडू केला जाई. कोणी वाचू लागल्यास बाजीराव म्हणाला की, ब्राह्मणांनी मग काय करावे.” आणि शेवटी कंसात पृष्ठक्रमांक.

हा खर्डा मला उताऱ्यापेक्षा धोक्याचा वाटला. उताऱ्यात निदान अवतरणचिन्हं होती, बोलणारी मुक्ताबाई आहे हे कळत होतं. इथे पहिलं वाक्य विद्यार्थिनीचं स्वतःचं विधान झालं. दुसऱ्या बाजीरावाचं राज्य 1818 मध्ये संपलं, तेव्हा मुक्ताबाई जन्मलेलीही नव्हती. म्हणजे ही 1855 मध्ये केलेली साक्ष आहे, डोळ्यांनी पाहिलेली हकीकत नव्हे. म्हणून तिचं मोल कमी होत नाही. एका मुलीच्या समाजाने चाळीसेक वर्षांनी काय लक्षात ठेवलं होतं हे त्यातून कळतं, आणि इतिहासाला ते हवंच आहे. पण “पेशवाईत असं होत असे” आणि “पेशवाईत असं होत असे, असं मुक्ताबाई 1855 मध्ये लिहिते” ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्याला आणखी पुरावा लागतो, दुसऱ्याला मुक्ताबाईचा निबंध पुरतो.

“बाजीराव म्हणाला” हे तर आणखी अवघड. ते बोल बाजीरावाचे म्हणून कोण देतं? मुक्ताबाई. म्हणजे विद्यार्थिनी सांगते की मुक्ताबाई सांगते की बाजीराव म्हणे. या साखळीतली मधली कडी गळली की निबंधातलं वाक्य दरबारातली नोंद होऊन बसतं, आणि पुढचा संशोधक तुमच्या प्रबंधाचा हवाला देऊन ते बाजीरावाच्या नावावर खपवतो. शिवाय निबंधात नुसतं ‘बाजीराव’ आहे. ‘दुसरा’ हे आपण लावतो. तो शब्द मुक्ताबाईच्या तोंडी न घालता आपल्या वाक्यात ठेवावा.

मराठीत आणखी एक अडचण आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘असं ती लिहिते’ हे चार ओळींनंतर येतं आणि तोवर वाचणारा ते सगळं तुमचंच मत समजतो. म्हणून नाव आधी घ्या. सर्वनामांचंही तसंच. “मुक्ताबाई म्हणते की आम्हाला धर्मपुस्तक नाही” या वाक्यातला ‘आम्हाला’ तिचा की तुमचा? बोलताना चालून जातं, प्रबंधात तो अवतरणचिन्हं हरवलेला उतारा होतो. तिथे ‘मांग-महारांना’ म्हणा.

शेवटी जे उभं राहिलं ते असं:

“मुक्ताबाई बाजीरावाच्या राज्याचे वर्णन करते ते विद्येच्या प्रश्नाकडे जाण्यासाठी. ती लिहिते की, तालीमखान्यापुढून गेलेल्या मांग-महारांच्या ‘शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू’ करून गुलटेकडीच्या मैदानात खेळ चाले. राजाच्या दारावरून जाण्याचीच जिथे मनाई, तिथे शिकण्याची मुभा कोठून मिळणार, असा सवाल ती त्यावरून करते. तरीही कोणी वाचू लागला तर काय होई, हे ती बाजीरावाच्याच तोंडून वदवते. तिच्या सांगण्यानुसार, दप्तराचे काम यांना दिले तर ब्राह्मणांनी ‘धोकट्या बगलेत मारून’ विधवांच्या हजामती करीत हिंडावे काय, असे विचारून तो शिक्षा करी.”

शेवटी पृष्ठक्रमांक, आणि तोही तिने हातात घेतलेल्या पुनर्मुद्रणाचा. ‘ज्ञानोदय’चा मूळ अंक पाहिला नसेल तर तो पाहिल्यासारखा संदर्भ देऊ नये. पुनर्मुद्रणात शुद्धलेखन बदललेलं असतं, कधी एखादा शब्दही.

अवतरणात दोनच तुकडे राहिले. ते का राहिले याचं उत्तर आम्हाला देता येत होतं. ‘शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू’ याला दुसरे शब्द नाहीत. ‘मस्तक छाटून क्रीडा करत’ असं लिहून बघा, काय मेलं ते कळेल. चेंडू आणि दांडू हे पोरांच्या खेळातले शब्द आहेत आणि ते चौदा वर्षांची मुलगी वापरते आहे. विद्यार्थिनीला हे सुचलं ते उताऱ्याचे बाकीचे शब्द बाजूला झाल्यावर. धोकटी म्हणजे न्हाव्याची पिशवी. ती बगलेत मारून हिंडायची वेळ येईल ही धास्ती, म्हणजे लेखणीचं काम हातचं जाईल ही धास्ती, मुक्ताबाई राजाच्या तोंडी घालते. यावर त्या मुलीने पुढे अर्धं पान लिहिलं, आणि ते तिचं स्वतःचं होतं.

चोरीची भीती तुम्ही बोललात त्याबद्दल. पृष्ठक्रमांक दिला तरी मूळ वाक्याचा सांगाडा तसाच ठेवून चारदोन शब्द बदलले, तर ते सारांशलेखन होत नाही. पुस्तक मिटून लिहायचं ते याचसाठी. नंतर मूळ शेजारी ठेवून वाचा. लेखिकेच्या खास शब्दांची एखादी लडी तशीच आली असेल तर एकतर तिला अवतरणचिन्हं द्या किंवा वाक्य मोडून नव्याने बांधा. सारांशाला अवतरणचिन्हं लागत नाहीत, संदर्भ लागतोच, आणि शक्य असेल तिथे पानासकट.

सगळ्यात जास्त चुका एका शब्दाच्या अवतरणात होतात. याच निबंधात ‘धर्मरहित’ हा शब्द आहे. मुक्ताबाई आपल्या लोकांना ‘धर्मरहित’ म्हणते, असं लिहिलेलं मी वाचलं आहे. पण तिची मांडणी जर-तरची आहे. वेद ही आमचीच मत्ता असं ब्राह्मण म्हणतात. ते खरं धरलं आणि मांग-महारांना धर्मपुस्तक पाहायची मोकळीकच नसली, तर ते धर्मरहित ठरतात की नाही, असं ती विचारते. समोरच्याचंच म्हणणं घेऊन ती त्याला कोंडीत धरते. सुटा शब्द उचलला की ‘जर’ मागे राहतो आणि प्रश्नाची कबुली होते. म्हणून एका शब्दाचं अवतरण दिलंत तर तो शब्द मूळ वाक्यात कशाला टेकून उभा होता, ते आपल्या वाक्यात सांगा.

खर्डा झाला की मी दोन रंगांच्या पेन्सिली घेते. लेखिकेची वाक्यं निळी, माझी लाल. ज्या वाक्यापाशी हात थांबतो तिथे नाव घालायचं राहिलेलं असतं. बहुतेकदा ते सारांश संपून विश्लेषण सुरू होतं तिथलं वाक्य असतं. त्यात ‘यावरून मला असं दिसतं’ एवढं घातलं तरी सांधा उघडा होतो.

सगळे उतारे मात्र काढू नका. कवितेची ओळ किंवा ओवी सारांशात मरते. ज्या गद्यावर तुम्ही वाक्यावाक्याने थांबणार आहात ते सलग द्या. उताऱ्याखालचं तुमचं विवेचन उताऱ्याएवढं तरी भरतं का, एवढं मी बघते. कागद दुर्मीळ असेल तर पूर्ण मजकूर परिशिष्टात घाला.

त्या प्रकरणात सात लांब उतारे होते, एक उरला. बाळंत होणाऱ्या मांग-महार बायकांच्या घरावर छप्परही नसतं आणि त्यांना थंडीवाऱ्याचा किती त्रास होत असेल, असं मुक्ताबाई लिहिते तो. त्याला हात लावायचा नाही, असं विद्यार्थिनी म्हणाली. का, ते तिने त्याच्याखाली दोन पानं लिहून दाखवलं.