सातव्या मसुद्यातला ‘चेंज’

सकाळी टेबलावर आलेला करार 38 पानांचा होता. यंत्रसामग्रीच्या देखभालीचा, एका बाजूला पुरवठादार, दुसऱ्या बाजूला ग्राहक. मसुदा सातवा, सह्या दुसऱ्या दिवशी. काम फक्त शेवटची नजर फिरवण्याचं होतं. तिसऱ्या परिशिष्टात, पैसे कुठल्या चलनदराने द्यायचे त्या ओळीत, ‘एक्सचेंज रेट’च्या जागी एक शब्द दिसला: examend. असा शब्द इंग्रजीत नाही.

सहावा मसुदा उघडून `chang` एवढंच शोधलं तेव्हा 43 ठिकाणं सापडली. सातव्यात उरली होती चार. मधल्या काळात कुणीतरी ‘चेंज’ हा शब्द फार वेळा येतो, वाचायला कंटाळवाणं होतं, असं ठरवून तो काढून टाकला होता. 26 ठिकाणी हाताने, दरवेळी वेगळं क्रियापद घालून: कुठे अमेंड, कुठे रिव्हाइज, कुठे मॉडिफाय, कुठे ऑल्टर. शाळेत निबंधात एकच शब्द पुन्हा वापरू नका म्हणतात, त्यातलाच प्रकार. मग वेळ कमी पडला असावा, कारण उरलेल्या 13 ठिकाणी वर्डमधलं `Replace All` चालवलेलं होतं. त्यात शोधायचा शब्द `change`, घालायचा `amend`, आणि `Find whole words only`ची खूण काढलेली. ट्रॅक चेंजेसही बंद होतं.

खूण नसली की वर्ड अक्षरांचा तुकडा शोधतो, शब्द नव्हे. म्हणून ‘एक्सचेंज’चं examend झालं आणि ‘अनचेंज्ड’चं unamendd झालं. ‘चेंजिंग’ मात्र वाचलं, कारण त्यात शेवटचा e नसतो. उरलेली चार ठिकाणं ती हीच. हे सगळे अपघात हसण्यापुरते असतात, स्पेलचेकची लाल रेघ ते पकडून देते. ‘चेंज ऑफ कंट्रोल’चं ‘अमेंड ऑफ कंट्रोल’ झालं होतं, त्यावर मात्र लाल रेघ येत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. त्या कलमाचा अर्थ कंपनीची मालकी दुसऱ्याच्या हातात गेली तर करार संपवता येईल असा असतो. नव्या शब्दांनी त्याचा काहीच अर्थ उरला नव्हता.

व्याख्यांच्या पानावर आणखी एक खूण होती. व्याख्या इंग्रजी वर्णक्रमाने लावलेल्या असतात. ‘बिझनेस डे’नंतर आणि ‘कॉन्फिडेन्शियल इन्फर्मेशन’च्या आधी ‘अमेंड रिक्वेस्ट’ बसलेली होती. बी आणि सीच्या मध्ये ए कसा येईल? तिथे आधी ‘चेंज रिक्वेस्ट’ होती. वर्णक्रम मोडलेला दिसला की व्याख्येचं नाव बहुधा मागाहून बदललंय, असं समजावं.

पण खरा घोळ हाताने केलेल्या 26 ठिकाणी होता, जिथे इंग्रजी शुद्ध होतं. सहाव्या मसुद्यातलं कलम 21.4 मराठीत सांगायचं तर असं होतं: ‘या करारातला कोणताही चेंज लेखी असल्याशिवाय आणि दोन्ही पक्षांची सही असल्याशिवाय लागू होणार नाही; मात्र करारानेच एका पक्षाला चेंज करण्याची स्पष्ट मुभा दिली असेल तर ती गोष्ट वेगळी.’ आणि कलम 6.3: ‘पुरवठादार वर्षातून एकदा, 60 दिवसांची लेखी सूचना देऊन, दर चेंज करू शकेल.’ दोन्हीकडे एकच शब्द. 6.3 ही 21.4 मधल्या अपवादात सरळ जाऊन बसते, वाचणाऱ्याला विचार करावा लागत नाही.

सातव्या मसुद्यात 21.4 मध्ये सहीची अट ‘अमेंडमेंट’ला होती, अपवाद ‘मॉडिफिकेशन’ला होता, आणि 6.3 मध्ये पुरवठादार दर ‘रिव्हाइज’ करणार होता. आता समजा, दुसऱ्या वर्षी पुरवठादाराने 60 दिवसांची सूचना देऊन दर 8 टक्क्यांनी वाढवले. तो म्हणणार, रिव्हाइज करण्याची मुभा मला करारानेच दिलीय. ग्राहकाचा वकील म्हणणार, अपवाद मॉडिफिकेशनचा आहे, रिव्हिजनचा नाही. तेव्हा दरवाढीला आमची सही हवी. कोण जिंकेल ते सांगता येत नाही, आणि करार लिहिणाऱ्याने अशी जागा ठेवायची नसते. एकाच दस्तऐवजात दोन वेगळे शब्द वापरले असतील तर लिहिणाऱ्याच्या मनात दोन वेगळे अर्थ होते, असं धरून वाचण्याची रीत आहे. ते गृहीतक खोडता येतं, पण खोडायला कोर्टात जावं लागतं.

‘अहो, पण चारही शब्दांचा अर्थ एकच ना?’ असं ग्राहकाच्या बाजूच्या अधिकाऱ्याने फोनवर विचारलं. गप्पांमध्ये एकच. कागदावर प्रत्येकाची ओढ वेगळी असते. अमेंडच्या लॅटिन मुळात दोष काढण्याची कल्पना आहे. करारात तो झालेल्या मजकुराला दोघांनी मिळून केलेल्या दुरुस्तीसाठी राखलेला बरा. रिव्हाइज म्हणजे पुन्हा पाहणे. ठरावीक काळाने नव्याने ठरवायचे दर, वेळापत्रक, अंदाज यांना तो शोभतो. ऑल्टरला वकिलांच्या कानात वाईट वास आहे, कारण सही झालेल्या कागदात एकाने परस्पर केलेल्या महत्त्वाच्या फेरफाराला इंग्रजी कायद्यात मटीरियल ऑल्टरेशन म्हणतात आणि त्याने कागदच निकामी होऊ शकतो.

मॉडिफायचं मूळ मापाशी, मर्यादेशी जोडलेलं आहे, आणि या एका क्रियापदावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 1994 साली मोठा खटला निकाली निघाला. दूरसंचार कंपन्यांनी आपले दर नियामकाकडे दाखल करावेत असा कायदा होता, आणि त्यातल्या अटी ‘मॉडिफाय’ करण्याचा अधिकार नियामकाला होता. नियामकाने बाजारात वर्चस्व नसलेल्या लांब पल्ल्याच्या कंपन्यांना दर दाखल करण्यातूनच मोकळं केलं. एमसीआय विरुद्ध एटी अँड टी या खटल्यात न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की मॉडिफाय म्हणजे बेताचा बदल. मूळ अटच उडवून लावणं त्यात येत नाही. एका शब्दकोशात मॉडिफायचा मोठा बदल असाही अर्थ दिलेला होता, तो न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी मानला नाही. 2023 मध्ये विद्यार्थ्यांच्या कर्जमाफीचा निकाल देताना याच निकालाचा आधार घेतला गेला. करारात ‘मॉडिफाय’ लिहिणाऱ्याने हे लक्षात ठेवावं: पूर्ण कलम बदलण्याची मुभा द्यायची असेल तर तो शब्द अपुरा ठरू शकतो. तसा हा निकाल अमेरिकेतला आणि कायद्यातल्या शब्दावरचा आहे, पण युक्तिवाद कुठल्याही करारावर करता येतो.

दुसरी जोडी यंत्रांच्या कलमांत तुटली होती. 14.2 म्हणत होतं, ग्राहकाने यंत्र ‘ऑल्टर’ करू नये. 15.1 म्हणत होतं, यंत्र ‘मॉडिफाय’ केलं तर हमी संपेल. आधी दोन्हीकडे चेंज होता. आता ग्राहकाने दुसऱ्या कंपनीचा फिल्टर बसवला तर मनाई मोडली का, हमी गेली का, की दोन्ही, की एकही नाही?

दुरुस्तीला सुरुवात वर्डमधल्या `Compare`ने केली, सहावा आणि सातवा मसुदा समोरासमोर ठेवून. त्यानंतर सातव्यात `Use wildcards` लावून हे चार शोध एकेक चालवले:

```
<[Aa]men[a-z]@>
<[Rr]evis[a-z]@>
<[Mm]odif[a-z]@>
<[Aa]lte[a-z]@>
```

शब्दाचं एक अक्षर मुद्दाम कमी ठेवलंय, कारण शेवटच्या चिन्हाला किमान एक अक्षर लागतं; पूर्ण `alter` लिहिलं असतं तर नुसतं ‘ऑल्टर’ सुटलं असतं. बदल्यात शेवटच्या शोधात ‘ऑल्टरनेटिव्ह’ही येतं, ते नजरेने वगळायचं.

सापडलेल्या प्रत्येक जागेला तीन प्रश्न विचारले: काय बदलतंय, कोण बदलतंय, आणि कशाने लागू होतंय, सहीने की सूचनेने? तिन्हींची उत्तरं सारखी असलेल्या जागांना एकच क्रियापद. बदललेल्या 39 जागांपैकी 30 ठिकाणी ‘चेंज’ परत आला, 21.4 मध्ये सुद्धा. तिथे ‘अमेंड, मॉडिफाय, ऑल्टर किंवा vary’ अशी माळ ओवायचा सल्ला एकाने दिला होता. ती माळ मला पटत नाही. माळेत जो शब्द राहून जातो त्याच्यावरच पुढे भांडण लागतं, आणि ‘चेंज’च्या पोटात ते सगळे येतातच. उरलेल्या नऊ जागांपैकी चार ठिकाणी अमेंड ठेवलं, पुढे करायच्या दुरुस्तीपत्राच्या नमुन्यात, जिथे ‘कलम 7.2 मधले 30 दिवस हे शब्द काढून 45 दिवस घालून कलम अमेंड करण्यात येत आहे’ अशी वाक्यरचना असते. तीन ठिकाणी रिव्हाइज, फक्त दरांना, आणि 6.3 ला एक वाक्य जोडलं: ‘या कलमाखालची रिव्हिजन हा 21.4 मधल्या अपवादातला चेंज समजावा.’ दोन ठिकाणी मॉडिफाय, 14.2 आणि 15.1 या दोन्ही कलमांत. ऑल्टर एकदाही नाही.

मराठी प्रतीचा प्रश्न मग वेगळाच निघाला. आपल्याकडे ‘सुधारित’ हा शब्द अमेंडेडलाही चालतो आणि रिव्हाइज्डलाही. ‘सुधारित दर’ म्हटलं की सहीने सुधारलेले की सूचनेने, ते कळत नाही. म्हणून मराठीत ‘सुधारणा’ पूर्ण टाळली: चेंजला बदल, अमेंडमेंटला दुरुस्ती, दरांच्या रिव्हिजनला फेरनिश्चिती, यंत्राच्या मॉडिफिकेशनला फेरबदल. ‘फेरनिश्चिती’ जरा कोरडा शब्द आहे, पण दुसऱ्या कशाशी त्याची गल्लत होत नाही.

संध्याकाळी आठवा मसुदा छापायला जाताना चौथं परिशिष्ट वाचलं. ते सातव्यातच पहिल्यांदा जोडलेलं, त्यामुळे `Compare`मध्ये तुलनेला काही नव्हतं. शोधात तो शब्द आला होता, पण अमेंडच्या गर्दीत नजरेखालून निसटला. वाक्य होतं, ग्राहकाने कामाच्या जागेतले सर्व amends 10 दिवसांत कळवावेत. मूळ शब्द ‘चेंजेस’, मागचा s तसाच राहिलेला. पण इंग्रजीत अमेंड्स या नामाचा अर्थ भरपाई. स्पेलचेकला त्यात काहीच वावगं दिसलं नव्हतं.