आमची वाटचाल : वाळूचा कण किती वेगाने खाली बसतो

सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही 2009 मध्ये सांडपाण्यातील वाळू बाजूला काढणाऱ्या टाक्या बनवायला सुरुवात केली, तेव्हा पत्रा कापणे, वेल्डिंग करणे आणि गळती तपासणे या कामांत आमचा हात बसलेला होता. टाकी केवढी असावी हे मात्र आम्ही पाठ्यपुस्तकातील एकाच सूत्रावरून ठरवत होतो, आणि आमच्या तिसऱ्याच कामात त्या सूत्राची मर्यादा आम्हाला कळून आली.

त्या प्रकल्पात सेकंदाला 72 लिटर पाणी येणार होते आणि 0.2 मिलिमीटर व्यासाची वाळू अडवायची होती. पाण्यात सोडलेल्या कणाला त्याचे वजन खाली खेचते, उत्प्लावन बल वर उचलते आणि वेग वाढेल तसा पाण्याचा रोधही वाढत जातो. तिन्ही बलांचा तोल साधला की कण एकाच वेगाने खाली जाऊ लागतो. हाच त्याचा अंतिम वेग. एवढ्या बारीक कणाला तो गाठायला सेकंदाचा अगदी लहान भाग पुरतो, म्हणून टाकीतील त्याचा सगळा प्रवास अंतिम वेगानेच होतो असे धरायला हरकत नसते. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी 1851 मध्ये गोलावरील रोध 3πμdv इतका असतो असे दाखवले, आणि त्यावरून अंतिम वेग असा येतो :

v = g(ρs − ρ)d² / 18μ

येथे v हा कणाचा वेग, d त्याचा व्यास, μ पाण्याचा चिकटपणा, ρs आणि ρ या कणाच्या व पाण्याच्या घनता आणि g हे गुरुत्वत्वरण. वाळूची घनता पाण्याच्या 2.65 पट आणि पाण्याचे तापमान 20 अंश धरून आम्हाला सेकंदाला 36 मिलिमीटर हे उत्तर मिळाले. प्रवाहाला या वेगाने भागले की टाकीच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ मिळते, ते 2 चौरस मीटर आले, आणि आम्ही तेवढीच टाकी बसवून दिली.

काही महिन्यांत पुढच्या पंपाचे इम्पेलर झिजू लागले. पुढच्या टाकीच्या तळाशी साचलेली वाळू आम्ही वाळवून चाळली, तर तिच्यातील बहुतेक कण 0.15 ते 0.25 मिलिमीटरच्या दरम्यान निघाले, म्हणजे जे अडवायचे तेच निसटत होते. टाकी खोल करावी, असे ग्राहकाने सुचवले. त्याने काही साधणार नव्हते, कारण दुप्पट खोल टाकीत पाणी दुप्पट वेळ थांबते खरे, पण कणालाही दुप्पट अंतर खाली जावे लागते. वाळू अडणार की नाही हे पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते, आणि अभियंते ॲलन हेझन यांनी 1904 मध्येच तसे मांडले होते.

चूक वेगातच होती. स्टोक्स यांचे सूत्र काढताना पाण्याचा चिकटपणा धरलेला आहे, पण कणाला वाट देताना पाण्याला हलवावे लागते, त्यातील जडत्व सोडून दिलेले आहे. जडत्व चिकटपणाच्या तुलनेत किती आहे हे सांगणारा रेनॉल्ड्स अंक, म्हणजे vdρ/μ, एकापेक्षा बराच कमी असेल तोवर हे चालते. आमच्या कणासाठी तो 7 च्या आसपास येत होता, आणि हा आकडा आम्ही काढूनच पाहिला नव्हता. अशा वेळी रोध स्टोक्स यांच्या सूत्राहून जास्त असतो, आणि रोध गुणांक Cd पुढीलप्रमाणे धरावा लागतो. यात Re म्हणजे रेनॉल्ड्स अंक, आणि दुसऱ्या कंसातील संख्येइतक्या पटीने रोध वाढतो :

Cd = (24/Re)(1 + 0.15 Re^0.687)

यात वेग दोन्ही बाजूंना असल्यामुळे अंदाज घेऊन पुन्हा पुन्हा गणित करावे लागते. सेकंदाला 25 मिलिमीटर धरले की रेनॉल्ड्स अंक 5 येतो, दुसऱ्या कंसातील संख्या 1.45 होते, आणि 36 ला तिने भागले की पुन्हा जवळपास 25 च मिळतात. म्हणजे आमच्या टाकीत आदर्श स्थितीतही 0.2 मिलिमीटरचे सुमारे 70 टक्केच कण अडत होते, आणि पूर्णपणे अडणारा कण 0.26 मिलिमीटरचा होता. कण मोठा होत जातो तसा हा फरक फार वाढतो. 1 मिलिमीटरच्या गोलासाठी स्टोक्स यांचे सूत्र सेकंदाला 900 मिलिमीटर सांगते, प्रत्यक्षात वेग 160 च्या आसपास असतो.

तरीही 25 हा आकडा गुळगुळीत गोलाचा होता. म्हणून आम्ही एक लिटरच्या मोजपात्रावर 250 मिलिमीटर अंतरावर दोन खुणा केल्या आणि चाळलेले कण एकेक करून सोडले. कोरडा कण पाण्याच्या पृष्ठभागावरच अडकतो, म्हणून तो आधी भिजवावा लागतो. आणि पुष्कळ कण एकदम टाकले तर ते पुंजक्याने झरझर उतरतात, म्हणून तशी मोजणी आम्ही बाद धरली. काचेच्या मण्यांना सुमारे 11 सेकंद लागले, जे गणिताशी जुळत होते. वाळूचे कण मण्यांहून जड असूनही त्यांना 12 ते 13 सेकंद लागले, कारण कोनेदार कणाला रोध अधिक होतो. त्यांचा वेग सेकंदाला 20 मिलिमीटर धरणे योग्य होते.

मग आम्ही स्वखर्चाने तेवढीच दुसरी टाकी शेजारी बसवली. एकूण 4 चौरस मीटरवर पाण्याचा भार, म्हणजे प्रवाह भागिले क्षेत्रफळ, सेकंदाला 18 मिलिमीटर झाला, म्हणजे कणाच्या वेगाहून थोडा कमी.

आता प्रत्येक कामाआधी आम्ही ग्राहकाकडून वाळूचा नमुना मागवून त्याच मोजपात्रात तपासतो, आणि हिशेब थंडीतील पाण्याचा करतो. पाणी 30 अंशांवर असेल तर 0.2 मिलिमीटरचा गोल सेकंदाला 28 मिलिमीटर उतरतो, पण 20 अंशांच्या पाण्याचा चिकटपणा वाढलेला असल्यामुळे तोच गोल 25 वर येतो. म्हणून उन्हाळ्यात नीट चाललेली टाकी आम्ही जानेवारीत चाळणी घेऊन पुन्हा पाहून येतो.