प्लस-मायनसचा प्रश्न, सबसेट सम आणि माझा अडकलेला एक टेस्ट केस (माझा अनुभव)

दोन महिने झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतेय. एका कंपनीची ऑनलाइन कोडिंग टेस्ट होती, रविवारी सकाळी, मुलुंडला घरीच बसून दिली. दोन प्रश्न, सत्तर मिनिटं. पहिला वीस मिनिटांत झाला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्यात स्क्रीनवर आलं १५ पैकी १४ टेस्ट केस पास. पंधरावा हिडन. म्हणजे इनपुट काय होतं, माझं उत्तर काय आलं, बरोबर काय होतं, काहीच दाखवत नाहीत. नुसता लाल फुलीचा खूण. शेवटची पस्तीस मिनिटं मी त्या फुलीकडे बघत घालवली आणि वेळ संपला. नंतर मेल करून विचारलं की निदान तो केस तरी सांगा, तर उत्तर आलं की टेस्टची माहिती देता येत नाही आणि पुढचा चान्स सहा महिन्यांनी. निदान चूक कुठे झाली हे तरी माणसाला कळायला नको का?

प्रश्न असा होता. काही आकडे दिलेत, शून्य किंवा त्याहून मोठे. प्रत्येक आकड्यापुढे प्लस किंवा मायनस लावायचं आणि बेरीज टार्गेटएवढी आली पाहिजे. असे किती प्रकार होतात ते मोजायचं. उदाहरणार्थ `[2, 3, 1, 4]` आणि टार्गेट 2. इथे `+2 -3 -1 +4` हा एक आणि `+2 +3 +1 -4` हा दुसरा, बाकी कुठलाच जमत नाही, म्हणून उत्तर 2.

सगळी चिन्हं लावून बघायची म्हटली तर आकडे वीस असले तर साडेदहा लाखाच्या आसपास प्रकार होतात, ते चालून जातं. पण आमच्याकडे शंभरपर्यंत आकडे होते, तिथे तो विचारच सोडायचा. मग ट्रिक ही की प्लसवाल्यांची बेरीज P धरा, मायनसवाल्यांची N. P मधून N गेले की टार्गेट T, आणि दोघं मिळून सगळ्यांची बेरीज S. दोन्ही समीकरणं एकत्र केली की N उडून जातो:

`P = (S + T) / 2`

म्हणजे चिन्हांचा प्रश्न संपला. आता फक्त एवढंच विचारायचं की या आकड्यांतून P एवढी बेरीज होणारे गट किती निवडता येतात. निवडले त्यांना प्लस, उरले त्यांना मायनस. वरच्या उदाहरणात S दहा, T दोन, म्हणून P सहा. सहा कसे होतील? 2 आणि 4, नाहीतर 2, 3 आणि 1. दोनच. जुळलं. हे मला टेस्टमध्ये पाच मिनिटांत सुचलं होतं, आणि पुढे कोड पण भराभर लिहिला, आणि घोळ तिथेच झाला.

मी आधी सबसेट समचा हो-नाहीवाला प्रकार खूप वेळा केला होता. म्हणजे एवढी बेरीज होते का, एवढंच विचारतात. त्यात एक टेबल भरतात, `dp[i][j]` म्हणजे पहिल्या i आकड्यांतून j एवढी बेरीज होते का. त्या टेबलचा पहिला कॉलम, बेरीज शून्यचा, सगळीकडे ट्रू भरायचा असतो, कारण काहीच नाही निवडलं तर बेरीज शून्य होतेच. हात तसाच चालला. ट्रूच्या जागी 1 लिहिलं आणि पुढे गेले:

```
for i in range(n + 1):
    dp[i][0] = 1
for i in range(1, n + 1):
    for j in range(1, P + 1):
        dp[i][j] = dp[i-1][j]
        if nums[i-1] <= j:
            dp[i][j] += dp[i-1][j - nums[i-1]]
return dp[n][P]
```

बघताना यात काही खटकत नाही. मला पण खटकलं नाही. आणि मी शून्य तपासलं नव्हतं असं नाही हां, हे मुद्दाम सांगते. शून्याला प्लस लावा की मायनस, बेरीज तीच राहते पण प्रकार दोन मोजले जातात, म्हणून यादीत एक शून्य आलं की उत्तर दुप्पट व्हायला हवं हे मला माहीत होतं. टेस्ट चालू असतानाच मी `[2, 3, 1, 4, 0]` टाकून बघितलं, 4 आलं, बरोबर आलं, आणि मी शून्याचा विषय बंद केला. मग पस्तीस मिनिटं नको तिथे शोधत बसले, टार्गेट मायनस असेल का, आकडे मोठे असतील का, टेबल लहान पडतंय का.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना स्लो लोकलमध्ये बसायला मिळालं तेव्हा फोनवरच्या कंपायलरमध्ये दोन्ही कोड टाकले, एक हा आणि एक साधा सगळी चिन्हं लावून मोजणारा. हे टेस्टमध्येच करायला हवं होतं, दहा ओळी पण लागत नाहीत, आणि लहान इनपुटवर दोघांची उत्तरं शेजारी ठेवली की चूक लपत नाही. आता फोनवर टाइप करताना कर्सर यादीच्या सुरुवातीला होता, शेवटपर्यंत नेणं कटकटीचं, म्हणून मी शून्य पुढेच टाकलं. `[0, 2, 3, 1, 4]`. उत्तर आलं 2.

मला वाटलं टायपो आहे. परत वाचलं, आकडे तेच. शून्य कापून शेवटी चिकटवलं, 4. परत पुढे आणलं, 2. तेव्हा गाडी कुर्ल्याला उभी होती आणि बायका चढत होत्या, मला पाय आत घ्या असं कुणीतरी दोनदा म्हणाल्या तरी लक्ष नव्हतं. मग `[3, 0, 2, 1, 4]` केलं, आणि चक्क 3 आलं. तेच पाच आकडे, तेच टार्गेट, क्रम बदलला की उत्तर 2, 3, 4. बेरजेला क्रमाशी काय देणंघेणं? काहीच नाही. म्हणजे माझं टेबलच चुकतंय हे पक्कं झालं.

पर्समध्ये लाईट बिल होतं, त्याच्या मागे टेबल काढलं. पाच आकड्यांचं नाही, सगळ्यात लहान केस घेतला, `[0, 1]` आणि टार्गेट 1. S एक, P पण एक. दोनच कॉलम, बेरीज 0 आणि बेरीज 1. सुरुवातीची रांग 1, 0. आता शून्य आलं. शून्य घेतलं तरी बेरीज शून्य, नाही घेतलं तरी शून्य, म्हणजे पहिल्या कॉलममध्ये आता 2 हवेत. पण मी तर तो कॉलम आधीच 1 भरून ठेवलाय आणि लूप `j = 1` पासून चालतो, त्या कॉलमला कुणी हातच लावत नाही! रांग राहिली 1, 0. मग एक हा आकडा आला, त्याने डावीकडचा 1 उचलला, उत्तर 1. हवं होतं 2.

उलट केलं, `[1, 0]`. आधी एक आला, रांग झाली 1, 1. मग शून्य आलं, दुसऱ्या कॉलममध्ये लूप चालतो म्हणून तिथले 1 चे 2 झाले. उत्तर 2, बरोबर. म्हणजे गटातला पहिला खरा आकडा उचलल्यावर जी शून्यं येतात ती नीट मोजली जातात, आणि त्याच्या आधी जी शून्यं येऊन गेली ती हरवतात. `[3, 0, 2, 1, 4]` मध्ये 3 का आले ते पण यातूनच कळतं. 3, 2, 1 हा गट शून्याच्या आधी सुरू होतो म्हणून त्याचे दोन झाले, आणि 2, 4 हा गट शून्याच्या नंतर सुरू होतो म्हणून तो एकच राहिला. दोन आणि एक तीन. सायनला हे जुळलं तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू, रविवारपासून छातीवर दगड होता.

हो-नाहीमध्ये हीच ओळ बरोबर असते कारण तिथे शून्य बेरीज एका प्रकारे होते की दोन प्रकारे याने फरक पडत नाही, उत्तर होच. मोजायचं म्हटलं की पडतो. दुरुस्ती एवढीच की 1 फक्त `dp[0][0]` मध्ये ठेवायचा, बाकी कॉलम लूपला भरू द्यायचा, `j` शून्यापासून. मी आता एकाच रांगेत लिहिते:

```
def ways(nums, T):
    S = sum(nums)
    if abs(T) > S or (S + T) % 2:
        return 0
    P = (S + T) // 2
    dp = [1] + [0] * P
    for x in nums:
        for j in range(P, x - 1, -1):
            dp[j] += dp[j - x]
    return dp[P]
```

`j` वरून खाली येतो कारण खालून वर गेलो तर एकच आकडा दोनदा उचलला जातो. आणि x शून्य असेल तेव्हा `j` अगदी शून्यापर्यंत उतरतो आणि प्रत्येक खाना स्वतःत मिळवला जातो, म्हणजे दुप्पट, वेगळं काही करावं लागत नाही. काही जण शून्यं बाजूला काढून शेवटी प्रत्येक शून्यामागे एकदा दोनाने गुणतात, ते पण बरोबर आहे, पण मला त्याची गरज वाटत नाही.

वरची `if` ची ओळ मात्र विसरू नका, हे आधी सांगायचं राहिलं. एका आकड्याचं चिन्ह उलटं केलं की बेरीज त्याच्या दुपटीने बदलते, म्हणजे सम असेल तर समच राहते, विषम असेल तर विषम. म्हणून S दहा असताना टार्गेट 3 कधीच येणार नाही. पण ती ओळ नसेल तर पायथनमध्ये 13 भागिले 2 चे गुपचूप 6 होतात आणि कोड आरामात 2 सांगतो, एररपण येत नाही. दुसरं, `[100]` आणि टार्गेट -200 असेल तर P मायनस 50 येतो. जावामध्ये अशा साइजचा ॲरे बनवताना प्रोग्राम तिथेच पडतो. आणि सी प्लस प्लस किंवा जावामध्ये सम-विषम बघताना `% 2 == 1` लिहू नका, मायनस विषम आकड्याला तिथे -1 येतो, `!= 0` लिहा.

यादीत मायनस आकडे दिले तर? माझ्या मावसभावाने विचारलं होतं. सरळ चिन्ह काढून टाका. -3 ला प्लस-मायनस लावलं काय आणि 3 ला लावलं काय, मिळतं तेच, प्रकारांची संख्या बदलत नाही. खरी अडचण आकडे कोटींमध्ये असतील तर आहे, कारण टेबल P एवढं लांब होतं. शंभर आकडे आणि बेरीज हजार असेल तर जास्तीत जास्त लाखभर स्टेप, काहीच नाही. पण चाळीसच आकडे आणि प्रत्येक कोटीच्या घरात असेल तर हे टेबल विसरा, यादी अर्धी अर्धी तोडा, दोन्ही बाजूंच्या दहा-दहा लाख बेरजा काढा आणि त्यांच्या जोड्या जुळवा.

त्या संध्याकाळी परत येताना उभ्यानेच शेवटचं एक टाकून बघितलं. `[0, 0, 0, 0, 0, 0, 0, 0, 1]`, टार्गेट 1. आठ शून्यं, म्हणजे दोनाचा आठवा घात. जुन्या कोडने 1 सांगितलं, नव्याने 256.