"बँड सारखेच दिसतात" या उत्तरावर अडकलेली तक्रार

एका शोधनिबंधातल्या वेस्टर्न ब्लॉटबद्दल जर्नलला लिहिलं होतं. वेस्टर्न ब्लॉट म्हणजे मेंब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर उतरवलेली प्रथिनं बँड, म्हणजे पट्ट्यांच्या रूपात दाखवणारं चित्र. आकृती २ मधले ॲक्टिन या प्रथिनाचे तीन बँड आडवे उलटवले की आकृती ५ मधले जीएपीडीएच या दुसऱ्याच प्रथिनाचे बँड होतात, एवढाच मुद्दा. बऱ्याच दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: असे बँड सारखेच दिसतात. याची चीड अजून जात नाही, कारण ते अर्धं खरं आहे. बँडचा आकार सारखा असू शकतो, पण त्याच्या भोवतीचे ठिपके, ओरखडे आणि पार्श्वभूमीचा दाणेदारपणा दोन वेगळ्या ब्लॉटवर तंतोतंत जुळत नाही.

मग हे दाखवायचं कसं? ImageJ या चित्रं तपासण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही तुकडे एकाच मापाचे कापून 8-bit करायचे. एक Flip Horizontally ने उलटवायचा, नीट जुळवायचा आणि Image Calculator मध्ये Difference, म्हणजे दोन्हींची वजाबाकी, घ्यायची. चित्र एकच असेल तर सगळं जवळपास काळं होतं. वेगळं असेल तर बँडच्या कडा उजळून दिसतात. एक तुकडा ताणलेला असेल तर आधी माप जुळवावं लागतं, नाहीतर एकाच चित्राच्याही कडा उजळतात.

इथेच फसगत होते. बँडचा गाभा पूर्ण काळा आणि पार्श्वभूमी पूर्ण पांढरी झालेली असेल, तर वेगळ्या बँडची वजाबाकीही बऱ्याच भागात काळीच येते. म्हणून निवाडा करड्या छटा उरलेल्या भागावर, म्हणजे कडांवर आणि डागांवर करायचा. त्याच पॅनलमधल्या शेजारच्या बँडशीही तीच वजाबाकी करून दोन्ही निकाल शेजारी ठेवायचे. मी ही तुलना जोडली, तेव्हा कुठे संपादकांनी लेखकांकडे मूळ स्कॅन मागितले.

पीडीएफचा स्क्रीनशॉट मात्र वापरू नका. आतलं चित्र जसंच्या तसं काढा:

```
pdfimages -all paper.pdf fig
```

तरीही जेपीईजीचे ८×८ पिक्सेलचे चौकोन दिसले, तर बारीक दाण्यांवर भिस्त नको. दाबून लहान केलेल्या चित्रात ते दाणे पुसलेले असतात.

"बनावट" हा शब्द तक्रारीत नकोच. आकृती जुळवताना चुकीची फाइल लागू शकते. एकाच मेंब्रेनवर दोन प्रथिनं तपासली असतील तर एकच ॲक्टिन दोनदा दाखवणंही रास्त आहे, फक्त तसं लिहिलेलं हवं. इथे मात्र एकाच चित्राला दोन वेगळ्या प्रथिनांची नावं होती, शिवाय ते उलटवलेलं होतं.

आणि मूळ स्कॅन म्हणून निबंधातलाच कापलेला तुकडा आला तर तो स्वीकारू नये. मेंब्रेनच्या कडा आणि प्रथिनांचं माप दाखवणारी मार्करची लेन दिसेल असं अखंड चित्र मागावं, शक्यतो यंत्रातून निघालेली 16-bit फाइल.