आतल्या बलांचा टॉर्क आणि एक न सांगितलेली अट

*"सर, क्रिया-प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध असतात, म्हणून आतल्या बलांची बेरीज शून्य, हे पटतं. पण टॉर्कची बेरीजसुद्धा शून्य कशी? बलं तर वेगवेगळ्या जागी लागतात ना!"*

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: शंका रास्त आहे. कोनीय संवेग अक्षय्य राहतो हे सिद्ध करताना बहुतेक पुस्तकं ही पायरी एका ओळीत उरकतात, आणि नेमकी तिथेच एक अट गुपचूप आत येते.

दोन कण घ्या. त्यांचे स्थान-सदिश r₁ आणि r₂. दुसऱ्यावर पहिल्यामुळे F बल, तर पहिल्यावर −F. आरंभबिंदूभोवती दोघांचा मिळून टॉर्क r₂×F − r₁×F, म्हणजे (r₂ − r₁)×F. आता r₂ − r₁ म्हणजे एका कणाकडून दुसऱ्याकडे जाणारा सदिश. F त्याच रेषेत असेल तर गुणाकार शून्य होतो. नसेल तर होत नाही. 'समान आणि विरुद्ध' एवढ्याने संवेग अक्षय्य राहतो. कोनीय संवेगासाठी बल दोन कणांना जोडणाऱ्या रेषेतच असावं लागतं. आपली मागणी एवढीच आहे, पण ती वेगळी मागावी लागते.

ती नसेल तर काय होईल? कण 2 मीटर अंतरावर आहेत आणि उजव्यावर 3 न्यूटन वर, डाव्यावर 3 न्यूटन खाली असं बल आहे, असं समजा. बलांची बेरीज शून्य, पण टॉर्क 6 न्यूटन-मीटर, आणि आरंभबिंदू कुठेही हलवला तरी तेवढाच. म्हणजे अवकाशात एकटी सोडलेली ही जोडी कोणी हात न लावता स्वतःच गरगरायला लागेल. गुरुत्वाकर्षण आणि स्थिर प्रभारांमधलं बल रेषेतच असतं, म्हणून तिथे असं होत नाही.

यावर हुशार विद्यार्थी हमखास चुंबक पुढे करतात, आणि बरोबर करतात. टेबलावर एक छोटा चुंबक अ, त्याचा उत्तर ध्रुव उजवीकडे. त्याच्या उजवीकडे d अंतरावर चुंबक ब, आडवा न ठेवता उभा, म्हणजे उत्तर ध्रुव कागदावर वरच्या बाजूला. चुंबकांच्या लांबीपेक्षा d पुष्कळ मोठं धरा. अ-चं क्षेत्र त्याच्या अक्षापासून बाहेर फाकत जातं: अक्षाच्या वर थोडं वरच्या दिशेला, खाली थोडं खालच्या. ब-चा उत्तर ध्रुव वरच्या भागात आहे, तो वर ढकलला जातो. दक्षिण ध्रुव खालच्या भागात आहे, पण तो क्षेत्राच्या उलट जातो, म्हणजे तोही वरच! अख्ख्या ब-वर बल आहे ते रेषेला काटकोनात. अ-वर तेवढंच खाली. वरच्या काल्पनिक जोडीसारखंच चित्र झालं की!

हिशेब पुरता करू. अ आणि ब यांचे चुंबकीय आघूर्ण m₁ आणि m₂ धरू, आणि μ₀m₁m₂/4πd³ या राशीला C म्हणू. हे बल 3C/d एवढं भरतं, म्हणून या बलयुग्माचा टॉर्क 3C, घड्याळाच्या उलट दिशेने. पण चुंबक काही बिंदूकण नव्हे, तो जागच्या जागी पिळलाही जातो. ब-च्या जागी अ-चं अक्षावरचं क्षेत्र उजवीकडे आहे, ते ब-ला घड्याळाच्या दिशेने 2C ने पिळतं. अ-च्या जागी ब-चं क्षेत्र खाली आहे आणि त्याच अंतरावर ते अक्षावरच्या क्षेत्राच्या निम्मं असतं. ते अ-लाही घड्याळाच्याच दिशेने C ने पिळतं. 3 − 2 − 1 = 0. दोन्ही चुंबक एकाच पाटावर घट्ट बसवून पाट पाण्यावर तरंगत सोडला, तर त्यांच्या आपसातल्या बलांनी तो फिरणार नाही. (पृथ्वीचं क्षेत्र पाट फिरवेल, पण ते बाहेरचं.)

हा हिशेब मला फार आवडतो, कारण गफलत कुठे होते ते त्यात उघडं दिसतं. चुंबकाला 'कण' म्हटलं की बल रेषेबाहेर जातं, आणि मग कणाचा स्वतःचा पीळही मोजावा लागतो. तोच चुंबक दोन टोकांचे दोन ध्रुव असा मांडला, तर प्रत्येक ध्रुव-जोडीतलं बल रेषेत येतं आणि पहिली सिद्धता जशीच्या तशी लागू होते. म्हणून कुठे हिशेब जुळेना झाला, तर आधी विचारा: मी कण कशाला म्हटलंय?

मात्र एका ठिकाणी कण कितीही बारीक केले तरी भागत नाही. एक प्रभार सरळ दुसऱ्याच्या दिशेने चालला आहे आणि दुसरा त्याला काटकोनात. पहिल्याचं चुंबकीय क्षेत्र त्याच्या स्वतःच्या मार्गरेषेवर शून्य असतं, म्हणून दुसऱ्यावर चुंबकीय बल नाही. दुसऱ्याचं क्षेत्र मात्र पहिल्याच्या जागी शून्य नाही, म्हणून पहिल्यावर बल आहे, तेही आडवं. इथे 'समान आणि विरुद्ध' हेसुद्धा टिकत नाही. फक्त कणांचा कोनीय संवेग मोजला तर तो बदलताना दिसतो. विद्युतचुंबकीय क्षेत्राकडे असलेला कोनीय संवेग त्यात मिळवला की बेरीज पुन्हा कायम राहते.