एक्सेल ८५ टक्के येतं म्हणजे नक्की काय येतं? माझा रेझ्युमेचा अनुभव

मी कुडाळची, सात वर्षं वेंगुर्ल्याच्या बाजूला एका काजू कारखान्यात अकाउंट्स बघत होते. नवीन नोकरी शोधायची म्हणून एक तयार टेम्प्लेट घेतलं, त्यात उजव्या बाजूला सॉफ्टवेअरच्या निळ्या पट्ट्या होत्या. टॅली ९०, एक्सेल ८५, वर्ड ८०. आकडे मीच अंदाजाने ओढले, आणि खरं सांगते तेव्हा दिसायला मस्त वाटलं.

पहिल्याच इंटरव्ह्यूत समोरच्या सरांनी विचारलं, एक्सेलमधले राहिलेले १५ टक्के कुठले? मला काहीच बोलता आलं नाही. ८५ कशाचे तेच मला माहीत नव्हतं तर १५ काय सांगणार. घरी आल्यावर मावसबहिणीला फोन केला, ती रत्नागिरीला एका ऑफिसात भरतीचंच काम बघते. तिने फाईल उघडली आणि म्हणाली, "ह्ये ८५ टक्के तुका कोणी दिल्यान गो?" मग म्हणाली, पीडीएफमधलं सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट कर. केलं, तर नुसतं टॅली, एक्सेल, वर्ड एवढे तीन शब्द आले, पट्ट्या गायब, कारण त्या चित्र होत्या. बऱ्याच ठिकाणी रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि ते फक्त अक्षरं उचलतं, म्हणजे तिथे माझ्या ९० आणि ८५ चा पत्ताच नव्हता.

मग तिने मला लिहायला लावलं, प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी कधीपासून, किती वेळा आणि कशासाठी. टॅलीचं सोपं गेलं. २०१७ पासून रोज, आधी ईआरपी ९, २०२१ पासून प्राईम, खरेदी-विक्रीच्या एंट्री, बँकेचा मेळ, महिन्याला साधारण १४० खरेदी बिलं. आणि खाली एक ओळ, पेरोल केलेलं नाही. ही ओळ मला नको होती. पण ताई म्हणाली ती राहू दे, नाहीतर 'टॅली येतं' वाचून लोक पेरोलही येतं असं धरतात आणि मग इंटरव्ह्यूत तू अडकतेस.

एक्सेलला मात्र अडले. मी लिहिलं सात वर्षं. ताईने विचारलं, सातही वर्षं तेच करत होतीस का? आठवून बघितलं तर पहिली तीन वर्षं मी फक्त शीटमध्ये आकडे टाकत होते, फॉर्म्युले दुसरे लिहून द्यायचे. खरं काम २०२० नंतरचं, जेव्हा जीएसटीआर-२बी, म्हणजे पार्टींनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, यायला लागलं. ते १४ तारखेला येतं आणि २० तारखेपर्यंत रिटर्न भरायचं असतं, त्या मधल्या दिवसांत टॅलीतलं खरेदी रजिस्टर एक्सेलमध्ये काढून २बी शी जुळवायचं काम माझं होतं. सुरुवातीला बिल नंबरवर व्हीलुकअप लावायचे तर अर्ध्या ओळींत `#N/A`, कारण पार्टीने `VNG/045` लिहिलेलं आणि आमच्याकडे एंट्रीत नुसतं 45. मग मी पार्टीचा जीएसटी नंबर आणि करपात्र रक्कम जोडून एक जादा कॉलम केला आणि त्यावर जुळवायला लागले. एकाच पार्टीची एकाच रकमेची दोन बिलं आली की तिथे गोंधळ व्हायचा, ती मी तारीख बघून हाताने सोडवायचे.

हे फोनवर सांगितलं तर ताई म्हणाली, हेच लिही की! रेझ्युमे इंग्रजीत आहे पण मराठीत सांगायचं तर ओळ अशी झाली: एक्सेल, एकूण सात वर्षं, पैकी शेवटची चार वर्षं दर महिन्याला २बी आणि खरेदी रजिस्टरची जुळवणी, व्हीलुकअप, सम-इफ्स, पिव्होट टेबल, मॅक्रो लिहिता येत नाहीत. वर्ड काढूनच टाकलं, पत्रं टाईप करण्यापलीकडे मी त्यात काही केलेलं नाही.

पुढचा इंटरव्ह्यू रत्नागिरीला, मासळी एक्सपोर्ट करणाऱ्यांकडे. तिथल्या मॅडमनी ती ओळ वाचून सरळ लॅपटॉप पुढे केला आणि दोन शीट दिल्या, जुळवा म्हणाल्या. बिल नंबरांचा तोच घोळ! मी जादा कॉलम केला, वीसेक मिनिटांत न जुळलेली नऊ बिलं वेगळी काढून दिली. मग त्यांनी पेरोलच्या ओळीवर बोट ठेवलं, आमच्याकडे ६० जणांचा पगार आहे, शिकाल का? मी म्हटलं शिकेन, पण पहिल्या महिन्यात कोणीतरी तपासून बघायला लागेल. त्या हो म्हणाल्या.

आता तिथेच आहे. दोन महिने पगार कोणी ना कोणी तपासत होतं, गेल्या महिन्याचा पहिल्यांदा मी एकटीने केला. रविवारी रेझ्युमेतली ती 'केलेलं नाही' ची ओळ काढली आणि लिहिलं, टॅली पेरोल, तीन महिने, ६० कामगार.